कोयता हातात, कॅमेरा समोर: आपलीच भूमिका करणाऱ्या माणसांची गोष्ट

आजचा विषय जरा वेगळा आहे. सिनेमाचा इतिहास म्हटलं की आपण नट-नट्या, दिग्दर्शक, फार तर संगीतकार इथपर्यंत येतो. आज बोलायचंय ते ज्यांनी आयुष्यात कधी अभिनय केला नाही अशा माणसांबद्दल. त्यांना त्यांच्याच गावात, त्यांच्याच कामावर उभं करून ज्या फिल्म बनल्या, त्यांच्याबद्दल. अशा फिल्मला हल्ली डॉक्यु-फिक्शन म्हणतात. घटना रचलेली असते, पण माणसं, जागा, काम खरं असतं. बीडमध्ये ऊसतोडीवर असं काही करायचं म्हटलं तर काय करावं लागेल, हा प्रश्न डोक्यात ठेवून आपण थोडं मागे जाऊ.

आपल्याकडे याची सुरुवात शोधली तर ती धुळ्यात सापडते. 1946 साली ख्वाजा अहमद अब्बास यांचा 'धरती के लाल' आला. बंगालच्या दुष्काळावरचा चित्रपट, इप्टा या नाट्यसंघटनेनं केलेला. शंभू मित्रा, तृप्ती मित्रा, बलराज साहनी ही मंडळी मुख्य भूमिकांत. पण गाव सोडून शहराकडे निघालेली भुकेली माणसं दाखवायची होती, आणि ती माणसं म्हणून उभे राहिले धुळे भागातले किसान सभेचे शेतकरी. बंगालच्या दुष्काळातली गर्दी खानदेशातल्या शेतकऱ्यांनी उभी केली! मात्र इथे एक गोष्ट बघा. त्या शेतकऱ्यांना चालायचं होतं, बोलायचं नव्हतं. चालणं शिकवावं लागत नाही. खरी अडचण माणसानं तोंड उघडलं की सुरू होते.

ती अडचण नीट सोडवली गेली आपल्यापासून फार लांब, इटलीत. सिसिली बेटावर आची ट्रेझ्झा नावाचं मच्छीमारांचं गाव आहे. लुकिनो व्हिस्कोंती हा दिग्दर्शक 1947 च्या अखेरीस तिथे गेला. ठरलं होतं माहितीपट करायचं, आणि सुरुवातीचा काही पैसा तिथल्या कम्युनिस्ट पक्षाचा. झाला तो मोठा कथापट, 'ला तेर्रा त्रेमा', 1948 चा. कथा ऐकली तर बीडच्या माणसाला ओळखीची वाटेल. मासळीचे ठोक व्यापारी भाव पाडतात, एक तरुण मच्छीमार घर गहाण टाकून स्वतःच्या धंद्यात उतरतो, वादळात नाव फुटते, घर जातं, आणि शेवटी त्याच व्यापाऱ्यांच्या दारात मजुरीला उभं राहावं लागतं. सगळ्या भूमिका गावातल्याच माणसांनी केल्या.

व्हिस्कोंतीनं काय केलं? संवाद लिहून पाठ करायला दिले नाहीत. तो माणसांना बसवून प्रसंग सांगायचा. तुमची नाव गेलीय, धाकटा भाऊ गाव सोडून चाललाय, तुम्ही थोरले; त्याला थांबवायला काय म्हणाल? माणूस आपल्या बोलीत म्हणायचा. त्यातलं जे नेमकं असेल ते लिहून घ्यायचं, आणि मग तेच वाक्य त्यानंच पुन्हा पुन्हा म्हणून पक्कं करायचं. म्हणजे उत्स्फूर्तपणा सगळा तयारीत होता. कॅमेरा सुरू झाल्यावर नव्हता. चित्रीकरणाच्या वेळी कोण कुठून येणार, कुठे थांबणार, कोणतं वाक्य कधी, हे सगळं ठरलेलं. माझ्या मते या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे आणि तीच आपल्याकडे उलटी केली जाते. तयारीत कागद हातात देतात आणि कॅमेऱ्यासमोर म्हणतात, 'आता मनानं बोला.'

अर्थात त्याची किंमतही मोजावी लागली. ती बोली इटलीच्या मुख्य भूमीवरच्या प्रेक्षकाला कळेना, म्हणून वर इटालियन निवेदन घालावं लागलं. पैशाच्या बाबतीत चित्रपट पडला.

आता आपल्या जवळ येऊ. नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' 2014 च्या फेब्रुवारीत लागला. जब्या झालेला सोमनाथ अवघडे हा करमाळा तालुक्यातला मुलगा, नट नव्हता, हलगी वाजवायचा. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण त्याच्या बापाच्या भूमिकेत किशोर कदम आहेत, रंगभूमीवर मुरलेले नट. अशी जोडी लावली की सांभाळायचं असतं ते नटाला. त्याचा आवाज, थांबण्याची सवय, वाक्य फेकणं हे सगळं त्या मुलाच्या पातळीवर यावं लागतं, नाहीतर मुलगा खोटा वाटायला लागतो. खरा असूनही!

आणि चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट'. 2014 साली व्हेनिसला गाजला, 2015 च्या एप्रिलमध्ये आपल्याकडे लागला. त्यातले लोकशाहीर नारायण कांबळे म्हणजे नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार. या चित्रपटाची पद्धत वेगळी, संहिता लिहिलेली आणि टेक पुष्कळ, बऱ्याचदा तीसच्या पुढे. इतक्या वेळा केल्यावर माणसाचा 'अभिनय करण्याचा' उत्साहच संपतो, आणि मग तो नुसता बोलतो.

'कोर्ट'मधला एकच प्रसंग जरा थांबून बघू. मॅनहोलमध्ये मेलेल्या कामगाराची बायको साक्षीला उभी आहे. ही भूमिका करणारी बाई व्यावसायिक नटी नाही. तिचा स्वतःचा नवरा याच कामातला होता आणि तो वारलेला. आता कुणाही दिग्दर्शकाला मोह होईल की हिला रडवावं. इथे तसं काही नाही. वकील विचारतात, ती उत्तर देते. नवरा दारू का प्यायचा? तो वास सहन व्हावा म्हणून. गटारात उतरण्याआधी काय करायचा? आधी खडा टाकायचा, झुरळं बाहेर आली तर आत हवा आहे असं समजायचं. कामाचं सामान काही द्यायचे का? नाही. आवाज सपाट, थोडा गोंधळलेला, मोठ्या माणसांसमोर उभं राहिल्यासारखा.

हा प्रसंग का जमला? कारण त्याची घडणच त्या बाईला आधार देते. प्रश्न वकिलाकडून येतो, तिनं फक्त ऐकायचं आणि उत्तर द्यायचं. आणि प्रश्न कामाचे आहेत, दुःखाचे नाहीत. दुःख विचारलं असतं तर एक तर ते नाटकी झालं असतं, नाहीतर खरंच बाहेर आलं असतं. आणि ते तीस टेक कुणी कुणाकडून मागू नये.

आता बीड. ऊसतोड कामगारांची रचना तुम्हाला माहीत आहे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम पावसाळ्यात उचल देतो, दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात, उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. समजा, उचल ठरवण्याचा प्रसंग करायचाय. मुकादम, नवरा, बायको, ओसरीवर.

पहिली गोष्ट, खऱ्या मुकादमासमोर त्याच्याच टोळीतला माणूस बसवायचा नाही. त्याच्या अंगावर अजून मागची बाकी असते. कॅमेऱ्यासमोर तो मुकादमाला उलट बोलला तर पुढच्या हंगामात ते निघेल, आणि हे ठाऊक असल्यामुळे तो बोलणारच नाही. मुकादम दुसऱ्या तालुक्यातला घ्यावा. नवरा-बायको धारूरकडचे असतील तर मुकादम आष्टीकडचा, किंवा ज्यानं हा धंदा सोडलाय असा.

मग तिघांना वेगवेगळं बसवायचं. मुकादमाला सांगायचं, तू एक लाखाच्या वर जाऊ नकोस, आणि मागच्या वर्षी ही जोडी पंधरा दिवस आधी निघून आली हे विसरू नकोस. नवऱ्याला सांगायचं, दीड लाखाशिवाय भागत नाही, पण कशाला लागतात ते मुकादमाला कळू द्यायचं नाही. बायकोला सांगायचं, यंदा धाकटीला सोबत न्यायचं नाही, शाळेत ठेवायचं, एवढं ठरवून घे. आकडे मी उदाहरणाला घेतले, तिथले खरे तिथल्याच माणसांना विचारावेत. मुद्दा असा की कुणालाच दुसऱ्याचं माहीत नाही, त्यामुळे त्यांना खरंच ऐकावं लागतं.

पहिली बैठक कॅमेऱ्याशिवाय, फक्त आवाज टिपायचा. वीस-पंचवीस मिनिटं चालू द्यायची. त्यातली बरीचशी वाया जातात. पण मधेच अशी गोष्ट घडते की जी कुणी लिहू शकलं नसतं. बाई मुकादमाशी थेट बोलणार नाही. ती डोक्यावरचा पदर सारखा करत नवऱ्याकडे बघून, पण मुकादमाला ऐकू जाईल असं बोलेल. संहिता लिहिणारा तिला सरळ संवाद देतो आणि तिथेच फसतो. अशी चार-पाच वाक्यं, दोन-तीन हालचाली निवडायच्या आणि प्रसंग त्यांच्या खुंट्यांवर टांगायचा. पुढच्या दोन दिवसांत पाच-सहा मिनिटांवर आणायचा. मधलं थोडं इकडेतिकडे झालं तरी चालतं, खुंट्या हलता कामा नयेत. नाहीतर संकलनाला बसल्यावर एका शॉटमध्ये मुकादम सव्वा लाख म्हणतो आणि दुसऱ्यात एक दहा.

बिघडतंय हे ओळखायचं कसं? सगळ्यात आधी भाषा बदलते. 'मी यायलोय' म्हणणारा माणूस 'मी येत आहे' म्हणू लागला की समजायचं, तो आता गॅदरिंगच्या स्टेजवर आहे. दुसरं, समोरच्याचं वाक्य संपायच्या आत उत्तर येतं. तिसरं, मागच्या टेकला कुणी हसलं असेल तर तीच मान तशीच हलते. अशा वेळी 'नैसर्गिक करा' म्हणून उपयोग नाही, उलट माणूस आणखी आखडतो. हाताला काम द्यावं. नवऱ्याला कोयत्याला धार लावायला बसवा, बाईला ज्वारी निवडू द्या. डोळे हातावर गेले की आवाज जागेवर येतो. तरीही नाही जमलं तर तिघांपैकी एकाला गुपचूप नवीन गोष्ट सांगायची, म्हणजे बाकीचे दोघे पुन्हा ऐकायला लागतात.

कामाचे प्रसंग त्या मानानं सोपे. मोळी बांधताना कुणी अभिनय करत नाही. पण वेळेचा घोळ आहे. माणसं गावात असतात तेव्हा तोड नसते, आणि तोड असते तेव्हा ती कारखान्यावर, गावापासून लांब. माजलगावच्या पट्ट्यात जिल्ह्यातलाच ऊस मिळतो, तिथे निघण्याआधी दोन-चार दिवस काढता येतात. त्या दिवसांची मजुरी रोजच्या रोज, जोडीच्या हिशेबानं, आणि बाईची बाईच्या हातात द्यायची. उचलीसारखी आगाऊ रक्कम देऊन बांधून ठेवायचं नाही.

शिवाय त्यांना हवं तेव्हा एखादं वाक्य काढून टाकता आलं पाहिजे. म्हणून कापलेली फिल्म आधी त्यांना दाखवायची, तीही टोळ्या निघायच्या आत, कारण त्यानंतर पाच-सहा महिने कुणी गावात सापडत नाही.