रोवणीचे पाचशे आणि कंपनीचा हप्ता

१९९९चा आषाढ. तुम्ही सिहोऱ्यात एका ओसरीवर, सतरंजीच्या कडेला टेकला आहात. दिवसभराच्या रोवणीचा चिखल अजून पायांवर आहे. तुमच्या गटात पंधरा बायका. प्रत्येकीचे महिन्याला तीस रुपये. सहा महिन्यांत दोन हजार सातशे जमलेत. वह्या नीट असतील तर बँक बचतीच्या चौपट, म्हणजे दहा हजार आठशेपर्यंत कर्ज देऊ शकते.

तुम्ही पाचशे मागता. अध्यक्षबाई विचारतात, "कशाला?"

"मजुरी द्यायची आहे, बाई. धान निघालं की फेडते."

ना सातबारा, ना नवऱ्याची सही. बाकीच्या चौदाजणी तुम्हाला ओळखतात, तेवढं तारण पुरतं. व्याज शेकडा दोन, महिन्याला दहा रुपये. तेही गटाच्याच पेटीत राहतात. मुद्दल चार महिने थांबेल, कारण धान कधी निघतं हे इथे प्रत्येकीला ठाऊक आहे.

सतरंजीवर एक जण मात्र नाही. मजुरीसाठी ती वर्षातून दोनदा गाव सोडते. दरमहा तीस रुपयांची खात्री तिला देता येत नाही. ज्यांना थोडी तरी बचत जमते, त्यांचाच गट होतो.

आता २०२२चा आषाढ. ओसरी तीच, पण आज तुम्ही मायक्रोफायनान्स कंपनीच्या हप्त्याला आला आहात. तीस हजारांचं कर्ज, चोवीस टक्के, दोन वर्षं: हप्ता सुमारे एक हजार पाचशे नव्वद. अशी तीन कर्जं मिळून चार हजार सातशे सत्तर. एप्रिलपासून रिझर्व्ह बँकेचा नवा नियम लागू आहे: सगळ्या कर्जांचे हप्ते घराच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त नकोत. तुमचं उत्पन्न सरासरी दहा हजार धरलं, म्हणून कागदावर सगळं बसलं. पण ती सरासरी धान विकल्यावरच्या पैशाने फुगलेली आहे. आषाढात घरात येते ती फक्त रोवणीची मजुरी.

इथेही तारण ओळखीचंच. फरक इतकाच, की तुमचा हप्ता चुकला तर शेजारणीला भरावा लागतो. तिने कारण विचारायचं नसतं, वसूल करायचं असतं. म्हणून तुम्ही बचत गटातून सोळाशे उचलता आणि कंपनीला भरता. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

गटाच्या कर्जवहीत हे दिसतं. कारणाच्या रकान्यात 'मजुरी', 'खत', 'दवाखाना' जाऊन ओळीने 'घरखर्च' येऊ लागतं. रक्कम हप्त्याएवढी आणि तारीख हप्त्याच्या आदल्या दिवसाची. परतफेड शंभर टक्के असूनही तो गट बुडत असतो.

तुम्ही गटात असाल तर येत्या बैठकीत तो रकाना मोठ्याने वाचायला लावा. आणि नवं कर्ज मंजूर करण्याआधी बाहेरचे हप्ते किती, हे विचारा.