व्याकरणाच्या वर्कशीटची उत्तरसूची कशी लिहावी? ‘प्रयोग’ या घटकातून समजून घ्या

वर्कशीट तपासून घरी येते. मुलाने ‘भावे’ लिहिले आहे आणि उत्तरसूचीत ‘कर्मणी’ आहे. का, हे कुठेच लिहिलेले नसते. पालकांना सांगता येत नाही आणि मूल उत्तर खोडून नवे लिहिते. पुढच्या वर्कशीटमध्ये तसेच वाक्य आले की पुन्हा तीच चूक होते.

म्हणूनच प्रत्येक प्रश्नाच्या उत्तराखाली एक-दोन ओळींचे स्पष्टीकरण असलेली उत्तरसूची उपयोगी पडते. पण ते स्पष्टीकरण नेमके कसे असावे? मराठी व्याकरणातला ‘प्रयोग’ हा घटक घेतला तर ते नीट कळते, कारण सर्वाधिक गोंधळ इथेच होतो.

व्याख्या म्हणजे स्पष्टीकरण नव्हे

बऱ्याच उत्तरसूचींमध्ये असे लिहिलेले असते: ‘कर्मणी प्रयोग. कारण क्रियापद कर्माप्रमाणे बदलते.’ हे वाक्य चूक नाही. पण ते कर्मणी प्रयोगाच्या कोणत्याही वाक्याखाली चिकटवता येईल. मुलाला व्याख्या आधीच पाठ असते. त्याला अडते ते समोरच्या वाक्यात हे ओळखायचे कसे, इथे.

प्रयोग ओळखण्याची खरी कसोटी म्हणजे वाक्यातला एक शब्द बदलून पाहणे. कर्त्याचे लिंग किंवा वचन बदलल्यावर क्रियापद बदलले तर कर्तरी. कर्म बदलल्यावर बदलले तर कर्मणी. दोन्ही बदलूनही क्रियापद जागचे हलले नाही तर भावे. उत्तरसूचीत व्याख्येऐवजी हे बदललेले वाक्यच लिहावे.

बदल करताना ‘तू’ मात्र वापरू नये. ‘तू पुस्तक वाचलेस’ यात शेवटचा ‘स’ ‘तू’मुळे येतो, तर ‘वाचले’ हे रूप पुस्तकामुळे. एकाच क्रियापदात दोन्ही खुणा आल्याने कसोटीचा निकाल धूसर होतो.

आधी वर्कशीट स्वतः सोडवा

उत्तरसूची लिहिण्यापूर्वी शिक्षकाने वर्कशीट विद्यार्थ्यासारखी सोडवावी आणि प्रत्येक वाक्यापुढे दोन गोष्टी लिहाव्यात: बरोबर उत्तर, आणि मुले देण्याची शक्यता असलेले चुकीचे उत्तर. या दुसऱ्या नोंदीवरूनच स्पष्टीकरण तयार होते.

प्रयोगाच्या बाबतीत मुले तीन शॉर्टकट वापरतात. भूतकाळ दिसला की कर्मणी. कर्त्याला ‘ने’ नसेल तर कर्तरी. ‘ने’ आणि ‘ला’ दोन्ही दिसले की भावे. हे तिन्ही शॉर्टकट काही वाक्यांत बरोबर उत्तर देतात, म्हणून ते पक्के होतात. उत्तरसूचीने ते जिथे फसतात तिथे पकडायला हवेत.

पाच वाक्ये, पाच स्पष्टीकरणे

समजा, वर्कशीटमध्ये पुढील वाक्ये आहेत. त्यांची उत्तरसूची अशी लिहिता येईल:

1. मुली झाडाखाली बसल्या.
कर्तरी. ‘मुलगा झाडाखाली बसला.’ कर्ता बदलताच क्रियापद बदलले. वाक्य भूतकाळी असले तरी इथे कर्मच नाही, म्हणून कर्मणी होऊ शकत नाही.

2. आईने बाळाला खाऊ दिला.
कर्मणी. ‘आईने बाळाला भाकरी दिली.’ क्रियापद खाऊप्रमाणे चालते. ‘बाळाला’मध्ये ‘ला’ आहे, पण दिली गेलेली वस्तू खाऊ आहे, म्हणून भावे नाही.

3. आम्ही पुस्तक वाचले.
कर्मणी. ‘आम्ही कादंबरी वाचली.’ कर्ता तोच असून क्रियापद बदलले. ‘मी’ आणि ‘आम्ही’ यांना अशा वाक्यांत ‘ने’ लागत नाही. ‘ने’ नाही म्हणून कर्तरी समजू नये.

4. शिक्षकांनी मुलींना बोलावले.
भावे. ‘बाईंनी मुलाला बोलावले.’ कर्ता आणि कर्म दोन्ही बदलले, तरी ‘बोलावले’ तसेच राहिले.

5. तो मराठी शिकला.
कर्तरी. ‘ती मराठी शिकली.’ भूतकाळ आहे आणि कर्मही आहे, तरी ‘शिकणे’ हे क्रियापद कर्त्याप्रमाणेच चालते.

प्रत्येक स्पष्टीकरणात एकच क्रम आहे: उत्तर, बदललेले वाक्य आणि गरज असेल तिथे चुकीचा शॉर्टकट का लागू होत नाही ते. चौथ्या वाक्यात ‘ने-ला’चा शॉर्टकट योगायोगाने बरोबर ठरतो, म्हणून तिथे तिसरा भाग लिहिलेला नाही. स्पष्टीकरण दोन-तीन छोट्या वाक्यांपुढे गेले तर मुले ते वाचत नाहीत.

प्रश्नच चुकला असेल तर?

उत्तरसूची लिहिताना कधी कधी प्रश्नातलाच दोष सापडतो. ‘सुताराने पाट बनवला’ हे वाक्य घ्या. कर्ता आणि कर्म दोन्ही पुल्लिंगी, एकवचनी. ‘बनवला’ कोणामुळे आले, हे नुसते पाहून कळत नाही. ‘सुताराने खुर्ची बनवली’ असे केल्यावरच कर्मणी स्पष्ट होते. पहिल्याच वर्कशीटमध्ये कर्ता आणि कर्म वेगळ्या लिंगाचे किंवा वचनाचे ठेवलेले बरे.

दुसरा प्रकार अधिक अवघड. ‘मला आंबा आवडतो’ यात क्रियापद आंब्याप्रमाणे चालते, कारण ‘मला चिंच आवडते’. पण आंबा हा कर्ता की कर्म? ‘आवडणारे काय?’ असे विचारून आंब्याला कर्ता मानले तर प्रयोग कर्तरी. ज्याला आवडते त्याला, म्हणजे ‘मला’ला कर्ता मानले तर कर्मणी. दोन्ही प्रकारची मांडणी वापरात आहे. अशा वेळी शिक्षकापुढे दोन मार्ग असतात: एका गुणाच्या प्रश्नातून ते वाक्य काढणे, किंवा वर्गात जी मांडणी शिकवली तिचे उत्तर देऊन, दुसरे उत्तर कारणासह लिहिले असल्यास गुण द्यावा, अशी नोंद करणे. एकच उत्तर लिहून पुढे जाणे अन्यायाचे ठरते, कारण दुसरे उत्तर देणाऱ्या मुलानेही विचार केलेला असतो.

उत्तरसूची तयार झाली, हे कसे ओळखावे?

तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, उत्तरे झाकून फक्त स्पष्टीकरणे सहकाऱ्याला वाचायला द्यावीत. त्यांना उत्तर सांगता आले नाही, तर स्पष्टीकरण अपुरे आहे. दुसरी, दोन स्पष्टीकरणे आपसात बदलून पाहावीत. तरीही चालत असतील, तर ती वाक्याबद्दल नसून फक्त व्याख्या सांगत आहेत. तिसरी, क्रमांक जुळवावेत. वर्कशीटचे ‘अ’ आणि ‘ब’ संच करताना वाक्यांचा क्रम बदलतो आणि उत्तरसूची जुन्याच क्रमाने राहते. त्यामुळे प्रत्येक उत्तराआधी केवळ क्रमांक न लिहिता, वर केले आहे तसे पूर्ण वाक्य लिहिणे सुरक्षित. पालकांनाही मग वर्कशीट शेजारी ठेवून क्रमांक शोधत बसावे लागत नाही.