तोंगबा

तोंगबा : पूर्व नेपाळ, सिक्कीम आणि दार्जिलिंगच्या डोंगराळ भागात नाचणी आंबवून केले जाणारे सौम्य मद्य. लिंबू समाजात त्याला विशेष मान आहे. तोंगबा हे खरे तर ज्या बांबूच्या किंवा लाकडी नळकांड्यातून ते पितात, त्या भांड्याचे नाव. आतल्या आंबलेल्या धान्याला नेपाळीत ‘कोदोको जाँड’ म्हणतात. नावावरून मराठी वाचकाची फसगत होऊ शकते. नेपाळी कोदो म्हणजे आपला कोद्रा नव्हे, तर नाचणी.

नाचणी आपल्याकडेही आंबवतात. पण रात्रभर आंबवून शिजवलेली आंबील आंबट होते, तिने नशा चढत नाही. याचे कारण असे, की धान्यातल्या पिष्टावर यीस्टला थेट काम करता येत नाही. मद्य व्हायचे तर आधी पिष्टाची साखर करणारे कोणीतरी लागते. बार्लीच्या बिअरमध्ये हे काम मोड आलेले धान्य करते. हिमालयात ते मरचा करतो.

मरचा म्हणजे तांदळाच्या पिठाची वाळवलेली, चपटी, पांढुरकी वडी. भिजवलेले तांदूळ चित्रकाचे मूळ, आले, मिरची अशा वनस्पतींसह कुटतात आणि त्यात जुन्या मरच्याची थोडी पूड घालतात, अगदी दह्याला विरजण लावावे तशी. पीठ थापून नेच्याच्या पानांवर ठेवतात, झाकतात, मग वाळवतात. त्या वडीत पिष्ट फोडणारी बुरशी, साखरेचे मद्य करणारे यीस्ट आणि आंबटपणा आणणारे लॅक्टिक जिवाणू असे तिघेही सुप्तावस्थेत असतात. हे काम परंपरेने बायकांचे. चांगला मरचा करणारीची ख्याती गावात असते.

जाँडासाठी नाचणी निवडून, धुऊन सुमारे अर्धा तास उकळतात आणि पाणी निथळून चटईवर पसरतात. इथे घाई केली, की सगळा घाणा वाया जातो. दाणे गरम असताना मरचा घातला तर त्यातले जीव मरतात. फार शिजवले तर दाणे फुटून चिकट लगदा होतो. कोमट दाण्यांवर वजनाच्या एकदोन टक्के मरच्याची पूड भुरभुरतात, कालवतात आणि पाने अंथरलेल्या टोपलीत झाकून ठेवतात. दोन ते चार दिवसांत बुरशी पसरते आणि दाणे गोडसर लागू लागतात. मग ते मडक्यात दाबून तोंड बंद करतात. उन्हाळ्यात आणखी तीनचार दिवस आणि थंडीत आठवडाभर गेला, की जाँड तयार होते. वास गोड आणि मादक हवा. नुसता आंबट दर्प आला, तर जिवाणूंनी यीस्टवर मात केली असे समजावे.

जाँड सौम्य का, हे साध्या हिशेबाने कळते. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 65 ग्रॅम पिष्ट असते. त्या सगळ्याचे मद्य झाले तर जेमतेम 37 ग्रॅम होईल. शिजून आंबलेली तेवढीच नाचणी पाणी शोषून सुमारे 300 ग्रॅम भरते, म्हणजे मद्याचे प्रमाण 12 टक्क्यांपर्यंत गेले असते. प्रत्यक्षात ते 5 टक्क्यांच्या आसपास असते. दाणे सालासकट अख्खे असतात, आंबवणे आठवड्यात संपते, काही साखर उरते आणि काही जिवाणू खातात. त्यामुळे निम्म्याहून अधिक पिष्टाचे मद्य होतच नाही.

पिण्याच्या पद्धतीने ते आणखी पातळ होते. नळकांड्यात जाँड भरून त्यावर गरम पाणी ओततात, दहापंधरा मिनिटे मुरू देतात आणि बारीक नळीने ओढतात. नळीचे टोक बंद असते. भोक त्याच्या जरा वर, बाजूला असल्याने दाणे आत येत नाहीत. समजा, 200 ग्रॅम जाँडात 10 ग्रॅम मद्य आहे आणि दाण्यांत मुरलेले पाणी 140 ग्रॅम. त्यावर 300 ग्रॅम पाणी ओतले, तर मद्य 440 ग्रॅम द्रवात विभागले जाते : सव्वादोन टक्के. हे 300 ग्रॅम पिऊन तितकेच पाणी पुन्हा ओतले, तर पाऊण टक्काही उरत नाही. मात्र पाणी घातल्याने मद्य नाहीसे होत नाही. नवख्या माणसाला घोट हलका लागतो आणि तो नळकांडे नव्या जाँडाने पुन्हा भरून घेतो. तेव्हा पोटात जाणारे एकूण मद्य दुप्पट होते.

याच जाँडाचे ऊर्ध्वपातन केले, की रक्सी मिळते. तिच्यात मद्य वीस टक्क्यांच्या पुढे जाते, कारण तिथे पाणी मागे राहते आणि मद्याची वाफ पुढे जाते. तोंगब्यात याच्या उलट होते. तिसऱ्या पाण्याला चव फिकी पडली, की उरलेले दाणे डुकरांना आणि गुरांना घालतात.