पेनल्टी किक (उगम व पहिली वर्षे)

पेनल्टी किक : फुटबॉलमध्ये बचाव करणाऱ्या संघाने स्वतःच्या गोलजवळ, ठरलेल्या क्षेत्रात गंभीर नियमभंग केला, तर प्रतिस्पर्धी संघाला मिळणारा फटका. तो मारताना समोर फक्त गोलरक्षक असतो. हा नियम 2 जून 1891 रोजी ग्लासगो येथे आंतरराष्ट्रीय फुटबॉल मंडळाच्या बैठकीत मंजूर झाला. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स व आयर्लंड या चार संघटनांनी 1886 मध्ये हे मंडळ स्थापन केले होते. प्रस्तुत नोंद नियमाच्या जन्मापुरती आणि त्यानंतरच्या सुमारे पंधरा वर्षांपुरती आहे.

पूर्वस्थिती : 1891 पूर्वी चेंडू हाताळणे, पाय घालून पाडणे किंवा धरून ठेवणे या सगळ्यांना एकच शिक्षा होती, ती म्हणजे फ्री किक. आगळीक मैदानाच्या मध्यावर झाली काय आणि गोलच्या तोंडाशी झाली काय, शिक्षेत फरक पडत नसे. शिवाय फ्री किकवरून थेट गोल करता येत नसे, चेंडूला आधी दुसऱ्या कुणाचा तरी स्पर्श व्हावा लागे. प्रतिस्पर्ध्यांनी चेंडूपासून सहा यार्ड दूर राहायचे असे, पण स्वतःच्या गोलरेषेवर उभ्या असलेल्यांना यातून सूट होती. खरी गोम या सुटीत होती. गुन्हा गोलपासून हातभर अंतरावर घडला की अख्खा संघ गोलच्या दोन खांबांमध्ये दाटीवाटीने उभा राही आणि चेंडू घुसायला फटच उरत नसे. म्हणजे आत जाणारा चेंडू हाताने अडवला, तर बचावपटूचा तोटा जवळपास काहीच नव्हता. हक्काचा गोल वाचे आणि बदल्यात द्यावी लागे ती एक निकामी फ्री किक.

ही पळवाट नियम करणाऱ्यांना दिसत नव्हती असे नाही. हाताने अडवलेला चेंडू एरवी गोलमध्ये गेलाच असता, अशी खात्री असल्यास थेट गोल बहाल करावा, अशी तरतूद 1882 मध्ये करून पाहिली गेली. पण न झालेला गोल झाला असे ठरवण्याची जोखीम त्यात निर्णय देणाऱ्यावर येत होती. पुढच्याच वर्षी ती रद्द झाली.

निवाड्याची पद्धतही कमकुवत होती. दोन्ही संघांचा एकेक अंपायर असे, रेफरी मैदानाबाहेर उभा राही आणि दोघा अंपायरांचे एकमत झाले नाही तरच तो निर्णय देई. तोही खेळाडूंनी दाद मागितल्यावर. सभ्य गृहस्थ मुद्दाम आगळीक करणार नाहीत, या विश्वासावर ही सारी रचना उभी होती. इंग्लंडमध्ये 1885 साली व्यावसायिक खेळाडूंना मान्यता मिळाली, 1888 मध्ये बारा क्लबांची फुटबॉल लीग सुरू झाली, आणि एका गोलवर गुण व तिकिटांचे उत्पन्न अवलंबून राहू लागले. जुनी शिक्षा तोकडी पडण्याचे मूळ कारण प्रस्तुत लेखकाच्या मते हेच आहे. खेळाडूंची नीती एकाएकी बिघडली असे मानण्याची गरज नाही.

आयरिश प्रस्ताव : कल्पना विल्यम मॅक्रम (1865–1932) यांची मानली जाते. आर्मा परगण्यातल्या मिलफर्ड गावी त्यांच्या घराण्याची लिननची गिरणी होती, आणि ते स्वतः मिलफर्ड संघाचे गोलरक्षक होते. आयरिश लीगच्या पहिल्या हंगामात (1890–91) हा संघ सर्व 14 सामने हरला आणि त्याच्यावर 62 गोल झाले. बचावाच्या फळीतली धसमुसळ ज्याने गोलमध्ये उभे राहून रोज पाहिली, त्यानेच बचाव करणाऱ्यांना शिक्षा सुचवावी, हे लक्षात घेण्याजोगे आहे. आयरिश संघटनेचे सचिव जॅक रीड यांनी 1890 च्या जून महिन्यात हा प्रस्ताव मंडळापुढे ठेवला. त्याची टिंगल झाली आणि निर्णय पुढे ढकलला गेला.

ट्रेंट ब्रिजचा सामना : नॉटिंगहॅम येथे 14 फेब्रुवारी 1891 रोजी नॉट्स काउंटी आणि स्टोक यांच्यात एफ.ए. चषकाचा उपउपांत्य सामना झाला. काउंटी 1–0 ने पुढे होती. सामना संपता संपता स्टोकचा फटका गोलरक्षकाला चुकवून आत निघाला होता. तेवढ्यात काउंटीचा बचावपटू हेंड्री याने गोलरेषेवर तो हाताने बाहेर मारला. स्टोकला नियमाप्रमाणे फ्री किक मिळाली, गोलरेषेपासून काही इंचांवर. काउंटीचे खेळाडू रेषेवर एकमेकांना खेटून उभे राहिले, चेंडू मारला जाताच गोलरक्षकाने त्यावर झेप घेतली, आणि संपले. हेंड्रीच्या नियमभंगाची ठरलेली शिक्षा झाली होती आणि त्यानंतर काउंटीने नियमाबाहेरची कोणतीही सवलत घेतली नव्हती; नियमानेच त्यांना जिंकवले. काउंटी पुढे अंतिम सामन्यापर्यंत पोचली व तिथे ब्लॅकबर्न रोव्हर्सकडून 3–1 ने हरली.

याच सामन्यामुळे नियम आला असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. प्रस्ताव त्याआधी आठ महिने मंडळापुढे होता, हे ध्यानात घेता सामन्याने विरोध बोथट केला एवढेच म्हणणे योग्य. स्कॉटिश चषकात हार्ट्सच्या बाजूने घडलेला असाच प्रसंगही त्या हंगामातलाच सांगितला जातो.

1891 चा नियम : गोलरेषेपासून 12 यार्डांच्या आत मुद्दाम पाडणे, धरणे किंवा चेंडू हाताळणे यासाठी, दाद मागितल्यावर, पेनल्टी किक द्यायची असे ठरले. तेव्हा खूण नव्हती. 12 यार्डांवर मैदानाच्या रुंदीभर रेषा आखत आणि तिच्यावर कुठूनही फटका मारता येई. बाकीचे सर्व खेळाडू चेंडूच्या मागे किमान सहा यार्डांवर उभे राहत, म्हणजे गोलरेषेवरची ती भिंतच नाहीशी झाली. गोलरक्षकाला मात्र सहा यार्ड पुढे येण्याची मुभा होती, आणि त्याने ती घेतली की मारणाऱ्याला दिसणारा गोल बराच आक्रसत असे. याच वर्षी रेफरी मैदानात आला व अंपायर रेषेवर गेले. ही दुसरी सुधारणा नसती, तर पहिली अमलात आणणे अवघड झाले असते.

फुटबॉल लीगमधला पहिला पेनल्टी गोल वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्सच्या हीथने 14 सप्टेंबर 1891 रोजी ॲक्रिंग्टनविरुद्ध केला. एकूण पहिला गोल कोणाचा, याबद्दल मतभेद आहेत.

वेळेचा प्रश्न : नव्या नियमातही एक भोक राहिले होते, आणि त्याचा फटका पुन्हा स्टोकलाच बसला. नोव्हेंबर 1891 मध्ये अ‍ॅस्टन व्हिलाविरुद्ध स्टोक एका गोलने मागे असताना शेवटच्या दोनेक मिनिटांत त्यांना पेनल्टी मिळाली. व्हिलाच्या गोलरक्षकाने चेंडू उचलून थेट मैदानाबाहेर भिरकावला. तो शोधून आणेपर्यंत वेळ संपली आणि रेफरीने सामना संपवला. पेनल्टी मारून होईपर्यंत खेळाची वेळ वाढवावी, ही तरतूद 1892 मध्ये आली.

आक्षेप : हौशी खेळाडूंना, विशेषतः कॉरिंथियन्स क्लबच्या मंडळींना, हा नियम अपमानास्पद वाटला. सी. बी. फ्राय यांचे म्हणणे असे की, खेळाडू मुद्दाम लबाडी करतो असे हा नियम गृहीतच धरतो. तो तसे धरतो हे खरेच आहे. ट्रेंट ब्रिजनंतर दुसरे काही गृहीत धरणे शक्य नव्हते.

पुढील बदल : 1902 मध्ये रेषेच्या जागी 18 यार्ड खोलीचे व 44 यार्ड रुंदीचे पेनल्टी क्षेत्र आले आणि 12 यार्डांवरची खूण ठरली. 1905 मध्ये गोलरक्षकाची पुढे येण्याची मुभा काढून त्याला गोलरेषेवर थांबवण्यात आले.