व्हॉइसमेल स्क्रिप्ट आणि पाठपुराव्याची साखळी

व्हॉइसमेल स्क्रिप्ट आणि पाठपुराव्याची साखळी : अनोळखी नंबरचा फोन उचलतच नाही अशा संभाव्य ग्राहकाच्या व्हॉइसमेलवर ठेवलेला वीसेक सेकंदांचा निरोप, आणि त्याच्या आगेमागे ठरावीक अंतराने जाणारे ईमेल, फोन व इतर संदेश यांची मिळून होणारी विक्रीपद्धत. तिचा खरा वावर अमेरिका आणि कॅनडात, कंपन्यांनी कंपन्यांना करायच्या विक्रीत आहे. पुण्या-मुंबईत संध्याकाळच्या पाळीत बसून अमेरिकेतल्या ग्राहकांना फोन लावणाऱ्या विक्री-प्रतिनिधींमुळे ती इथल्याही अनेकांच्या रोजच्या कामाचा भाग झाली आहे. या पद्धतीविषयीचे बहुतेक गैरसमज एकाच गृहीतकातून येतात. निरोप ठेवला म्हणजे समोरच्याने उलट फोन करावा, असे धरले जाते. प्रत्यक्षात व्हॉइसमेलचे काम त्याहून लहान आणि साधण्याजोगे आहे : मागोमाग येणारा ईमेल परका वाटू नये आणि तो उघडला जावा.

याला आधार फोनच्या बदललेल्या वापरात आहे. प्यू रिसर्च सेंटरने 2020 मध्ये अमेरिकेत केलेल्या पाहणीत अनोळखी नंबरचा फोन सहसा उचलतो असे सांगणारे प्रौढ पाचांत एक एवढेच निघाले. मात्र 67 टक्के लोकांनी सांगितले की आपण फोन उचलत नाही, पण निरोप ठेवला असेल तर तो तपासतो. फोन आणि निरोप दोन्ही दुर्लक्षिणारे 14 टक्के होते. ही पाहणी लोकांच्या मोबाइलविषयी होती, कचेरीतल्या टेबलावरच्या फोनविषयी नव्हती, आणि ‘तपासतो’ म्हणजे ‘शेवटपर्यंत ऐकतो’ असेही नाही. त्यातच आयफोनवर 2016 पासून निरोपाचा लेखी उतारा दिसू लागला, 2019 मध्ये अनोळखी नंबर गप्प करण्याची सोय आली आणि 2023 पासून निरोप ठेवला जात असतानाच त्याचा मजकूर पडद्यावर उमटू लागला. म्हणजे आजचा व्हॉइसमेल बराचसा वाचला जातो, आणि वाचणारा पहिली ओळ पाहूनच पुढे वाचायचे की नाही ते ठरवतो. ‘नमस्कार, आपण बरे असाल अशी आशा आहे’ यात ती पहिली ओळ खर्ची पडते. भारतीय नावाचा आणि अनोळखी कंपनीच्या नावाचा उतारा बहुधा चुकीचाच उमटतो, म्हणून निरोपाची सुरुवात स्वतःच्या नावाने करणेही धोक्याचे. आधी ग्राहकाचे नाव, लगेच फोनचे कारण आणि मग स्वतःचे नाव, हा क्रम त्यामुळे सोयीचा ठरतो.

एक कल्पित पण नेहमीच्या धाटणीचे उदाहरण घेऊ. पुण्यातली एक कंपनी गोदामांना ट्रकच्या वेळा आखून देणारे सॉफ्टवेअर विकते. तिला ओहायोतल्या कोलंबस शहरातल्या एका गोदामाच्या व्यवस्थापकाशी बोलायचे आहे. अमेरिकेत माल चढवण्या-उतरवण्यासाठी ट्रकला साधारण दोन तास विनाशुल्क थांबता येते. त्यापुढे ट्रक अडकून राहिला की वाहतूकदार ‘डिटेन्शन’ आकारतो, आणि व्यवस्थापकाला हा खर्च चांगलाच ठाऊक असतो. या गोदामाने डॉक समन्वयकाच्या आणखी एका जागेची जाहिरात दिली आहे, हे प्रतिनिधीने पाहिले आहे. निरोप अर्थातच इंग्रजीतून जाईल. मराठीत त्याचा ऐवज असा : ‘डेव्हिड, तुम्ही डॉक समन्वयकाची दुसरी जागा काढल्याचे पाहिले म्हणून फोन केला. मी समीर, पुण्याहून. तुमच्याएवढ्या गोदामांत दुपारच्या ट्रकची गर्दी आणि डिटेन्शनची बिले कमी करण्याचे काम आम्ही करतो. उलट फोन करायची गरज नाही. “डॉकवरची दुपार” या विषयाचा छोटा ईमेल आत्ता पाठवतोय, त्यातल्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात कळवा. तरी नंबर देऊन ठेवतो.’ यापुढे नंबर सावकाश आणि एकदाच. सावकाश अशासाठी, की उताऱ्यात आकडे नीट उमटले तर त्यावर बोट ठेवून फोन लावता येतो.

या मजकुरातला सर्वांत मोलाचा भाग ईमेलच्या विषयाचा आहे. व्हॉइसमेलमध्ये उच्चारलेले शब्द आणि ईमेलच्या विषयातले शब्द तंतोतंत एकच हवेत, आणि ईमेल दहाएक मिनिटांत पोचायला हवा. उताऱ्यात वाचलेले शब्द तासाभराने इनबॉक्समध्ये पुन्हा दिसले, तर त्या ईमेलमागे कोणी माणूस आहे हे पटते. ईमेल दुसऱ्या दिवशी गेला किंवा विषय बदलला तर हा धागा तुटतो, आणि मग निरोप व ईमेल हे दोन वेगवेगळे उपद्रव होतात. ईमेलात निरोपाचीच पुनरुक्ती नको. त्यात फोनवर न मावलेला एक तपशील आणि एक प्रश्न पुरतो : ‘दुपारी बारा ते तीनमध्ये येणारे ट्रक तुम्ही आज कशावर नोंदवता, फोनवर की एक्सेलमध्ये?’ याचे उत्तर एका शब्दात देता येते, आणि भेटीची वेळ मागण्यापेक्षा ते देणे कितीतरी सोपे आहे.

पुढची साखळी सुमारे सोळा कामकाजी दिवसांची. पहिला फोन ओहायोत सकाळी सव्वाआठला, म्हणजे उन्हाळ्यात पुण्यात संध्याकाळी पावणेसहाला आणि हिवाळ्यात पावणेसातला. व्यवस्थापक तेव्हा दिवसाच्या धबडग्यात पुरता शिरलेला नसतो. तिसऱ्या दिवशी दुपारच्या उत्तरार्धात पुन्हा फोन, पण निरोप ठेवायचा नाही. पहिल्या निरोपानंतर दोन-तीन दिवसांतच दुसरा ठेवला की तो तगादा वाटतो. सहाव्या दिवशी दुसरा निरोप, आणि ईमेल नवा न लिहिता पहिल्याच ईमेलच्या उत्तरादाखल, म्हणजे संदर्भ तिथेच खाली राहतो. हा निरोप ‘मागच्या निरोपाबद्दल आठवण करतोय’ असा नसावा. अशी आठवण विक्रेत्याच्या गरजेची असते. त्याऐवजी दुसरी बाजू मांडावी : पहिल्यात बिलांचा मुद्दा होता, तर यात ताटकळणाऱ्या चालकांचा. नवव्या दिवशी व्यवस्थापकाच्या नंबरऐवजी गोदामाच्या मुख्य नंबरवर फोन करून, ट्रकच्या वेळा नेमके कोण पाहते हे सरळ विचारावे. ही पायरी अनेक जण गाळतात, आणि साखळी फसण्याचे एक मोठे कारण इथेच असते. समोरचा फोन टाळतो असे नाही, तो विषयच त्याच्याकडे नसतो. बाराव्या दिवशी लिंक्डइनवर विक्रीचा मजकूर न जोडता ओळखीची विनंती, आणि सोळाव्या दिवशी शेवटचा निरोप : ‘डेव्हिड, डॉकच्या विषयाची ही वेळ दिसत नाही, म्हणून मी इथे थांबतो. माहिती ईमेलमध्ये आहे.’ असे म्हटल्यावर खरोखर थांबावे. तीनेक महिन्यांनी परतायचे तर नवे कारण हवे, जसे नवे गोदाम किंवा बदललेला व्यवस्थापक.

यावर पहिला आक्षेप असा, की हे सगळे करूनही उलट फोन जवळजवळ येत नाहीत, मग निरोपावर वेळ का घालवायचा? निरीक्षण बरोबर आहे, मोजमाप चुकीचे. निरोपाचा परिणाम ईमेलच्या उत्तरांत शोधावा लागतो. त्यासाठी यादीचे यदृच्छेने दोन भाग करावेत. एका भागाला निरोप आणि ईमेल, दुसऱ्याला तेच ईमेल निरोपाविना. इथे घाई नडते. दोनशे-दोनशे नावांत एकीकडे दहा आणि दुसरीकडे सहा उत्तरे आली तर निरोप चालतो असे जाहीर होते, पण एवढ्या संख्येत चार उत्तरांचा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. मोठ्या यादीवर किंवा काही महिन्यांची बेरीज करूनही फरक टिकला नाही, तर त्या ग्राहकवर्गासाठी निरोप सोडून द्यावा. या नोंदीतला दावाही त्याच कसोटीला बांधलेला आहे.

दुसरा आक्षेप जास्त चतुर आहे. फक्त नाव आणि नंबर ठेवा, कारण सांगू नका, म्हणजे कुतूहलाने लोक फोन करतात. काही जण करतातही. पण फोन विक्रीचा आहे हे कळताच फसवले गेल्याची भावना संभाषणाच्या पहिल्या क्षणी येते, आणि उताऱ्याच्या जमान्यात कारण नसलेला निरोप घोटाळेबाजांच्या निरोपासारखाच दिसतो. ग्राहकाच्या गावचा क्षेत्र-क्रमांक दाखवून फोन करण्याची सोयही अशीच दुधारी. कोलंबसचा 614 पाहून एखादा उचलेल, पण पलीकडून आवाज पुण्याचा आला की तो पहिल्या वाक्यालाच सावध होतो.

आणखी एक मार्ग सुचवला जातो तो यंत्राचा : घंटा न वाजवता एकच ध्वनिमुद्रित निरोप हजारो व्हॉइसमेलमध्ये टाकायचा. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने 2022 च्या नोव्हेंबरात स्पष्ट केले, की असा निरोपही 1991 च्या टेलिफोन ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ‘कॉल’च आहे आणि पूर्वसंमती लागते. ध्वनिमुद्रित आवाजावरचे हे बंधन मोबाइल नंबरला आहे, मग तो मोबाइल धंद्याचा का असेना. म्हणून निरोप दर वेळी स्वतः बोलणे हाच सुरक्षित मार्ग. सोबतच्या ईमेललाही 2003 चा कॅन-स्पॅम कायदा लागू असतो. त्यात टपालाचा पत्ता आणि नको म्हणण्याची सोय द्यावी लागते, आणि कोणी नको म्हटल्यास दहा कामकाजी दिवसांत ते पाळावे लागते.

कधी कधी दोष स्क्रिप्टचा नसून नंबरचा असतो. उचलल्या जाणाऱ्या फोनांचे प्रमाण सर्वच याद्यांवर एकाच आठवड्यात कोसळले, तर नंबरवर ‘स्पॅम’चा शिक्का बसला असण्याची शक्यता मोठी. वेगवेगळ्या कंपन्यांच्या मोबाइलवर स्वतःच फोन लावून पडद्यावर काय दिसते ते पाहिले की खात्री होते. उपाय म्हणजे freecallerregistry.com वर नंबरची नोंदणी करणे आणि एका नंबरवरून दिवसाला होणारे फोन कमी करणे. सारखे नवे नंबर घेणे उलटते, कारण कालच्या निरोपात दिलेला नंबर आज बंद मिळतो.

भारतातल्या ग्राहकांवर ही साखळी जशीच्या तशी चालत नाही. इथे मोबाइलवर व्हॉइसमेल फारसा वापरातच नाही. न उचललेला फोन ‘मिस्ड कॉल’ म्हणून उरतो. व्हॉट्सॲपचा व्हॉइस मेसेज त्याची जागा घेईल असे वाटते, पण व्हॉट्सॲपच्या व्यवसायविषयक धोरणानुसार कंपनीने संदेश पाठवण्याआधी ग्राहकाची संमती घ्यायची असते, आणि प्रचाराच्या फोनांना ट्रायची 2018 ची नियमावली व 140 ने सुरू होणारे नंबर लागू आहेत. 140 दिसला की पुष्कळ जण फोन कापतात. त्यामुळे इथे क्रम उलटवावा लागतो : आधी ईमेल किंवा ओळखीच्या माणसाची शिफारस, त्यातून संमती, आणि त्यानंतर कारण सांगणारा एक छोटा व्हॉइस मेसेज.