लांब शेपटीची जोडी

डोक्याच्या कातडीवर दोन इलेक्ट्रोड लावले की त्यांच्यामधून मेंदूचा जो संकेत मिळतो, तो जेमतेम काही दशक मायक्रोव्होल्टचा असतो. खोलीतल्या विजेच्या तारा माणसाच्या अंगावर जी ५० हर्ट्झची घरघर चढवतात, ती याच्या कितीतरी पट मोठी. पण या घरघरीत एक गंमत आहे. ती दोन्ही इलेक्ट्रोडवर जवळजवळ सारखीच चढते. मेंदूचा संकेत मात्र दोघांमधल्या फरकात असतो. म्हणजे दोघांतला फरक तेवढा वाढवायचा आणि जे दोघांत सारखं आहे ते सोडून द्यायचं, असा अॅम्प्लिफायर हवा. १९३४ साली केंब्रिजमध्ये एड्गर एड्रियन आणि ब्रायन मॅथ्यूज यांनी बर्गर या संशोधकाने नोंदवलेल्या मेंदूलहरी खऱ्या असल्याचं दाखवून दिलं. त्याच वर्षी मॅथ्यूजने अशा कामासाठी दोन व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरचं वर्णन छापलं.

या घराण्याची दुसरी शाखा दूरचित्रवाणीची. इएमआयच्या अॅलन ब्लूमलाइनने जुलै १९३६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. त्याच्या मंडळात दोन व्हॉल्व्हचे कॅथोड एकत्र जोडून एकाच मोठ्या रोधातून खाली नेलेले होते. त्याची अडचण शहरातून जाणाऱ्या केबलची होती. केबलच्या दोन्ही तारांवर बाहेरचा गोंगाट सारखाच येतो, चित्राचा संकेत मात्र उलटसुलट असतो. पुढच्याच दोन वर्षांत ऑफनर, श्मिट, टोएनीज यांनीही याच वाटेवरचे लेख लिहिले. तेव्हा याचा जनक एकच असं छातीठोक सांगणाऱ्यांकडे मी जरा संशयानेच पाहतो. नाव मात्र इंग्रजांचं टिकलं: ‘लाँग-टेल्ड पेअर’, लांब शेपटीची जोडी.

शेपटी म्हणजे तो सामायिक रोध. ती लांब का हवी, हे आजच्या ट्रान्झिस्टरवर पाहणं सोपं पडतं. दोन ट्रान्झिस्टर घ्या, पुरवठा अधिक-उणे १५ व्होल्ट. दोघांचे एमिटर एकत्र, प्रत्येकाच्या कलेक्टरवर १० किलोओहम, आणि शेपटीतून १ मिलिअँपिअर. एका ताटात जेवणाऱ्या दोन भावांसारखा हा प्रवाह अर्धा-अर्धा वाटला जातो. एका बेसवर थोडा व्होल्टेज चढवला की तो भाऊ जास्त घास घेतो, दुसऱ्याच्या वाट्याला तेवढे कमी येतात. शेपटीतल्या एकूण प्रवाहाला त्याची जवळजवळ खबरही लागत नाही. अर्ध्या मिलिअँपिअरला ट्रान्झिस्टरचा आतला एमिटर-रोध सुमारे ५० ओहम असतो. फरकाच्या वाटेत असे दोन येतात, म्हणजे १०० ओहम. एका कलेक्टरवरून संकेत घेतला तर १० किलोओहमला १०० ओहमने भागायचं, फरकाची वाढ १०० पट.

आता दोन्ही बेस एकत्र बांधून एक व्होल्ट वर न्या. दोन्ही एमिटर, आणि त्यांच्याबरोबर शेपटीचं वरचं टोक, एक व्होल्ट वर जातं. शेपटीत साधा रोध असेल तर तो सुमारे १४.३ किलोओहमचा, कारण एमिटरपासून उणे १५ पर्यंत १४.३ व्होल्टच उरतात. एक व्होल्टने त्यातून ७० मायक्रोअँपिअर जादा वाहतो. अर्धा वाटा ३५ मायक्रोअँपिअर, तो १० किलोओहममधून गेला की कलेक्टरवर ०.३५ व्होल्ट. नको असलेला संकेत ०.३५ पट, हवा असलेला १०० पट. भागाकार सुमारे २८६, डेसिबलमध्ये ४९. कॉमन मोड रिजेक्शन रेशो, सीएमआरआर म्हणतात तो हाच. हिशेब नीट पाहिला तर कलेक्टरचा १० किलोओहम वर-खाली कटून जातो. उरतो शेपटीचा रोध भागिले एमिटरचा रोध, १४,३०० भागिले ५०. बाकी सगळं सजावट.

मग शेपटी वाढवत का नाही न्यायची? रोध दहापट केला आणि प्रवाह तोच ठेवला तर खाली १४३ व्होल्टचा पुरवठा लागेल. व्हॉल्व्हवाल्यांनी हे खरोखर केलं. १९५० च्या दशकातला फिलब्रिकचा के२-डब्ल्यू हा ऑप-अॅम्प अधिक-उणे ३०० व्होल्टवर चालायचा. पण शेपटीला खरं तर लांबी नको असते, हट्ट हवा असतो: वर व्होल्टेज काहीही होवो, प्रवाह बदलायचा नाही. म्हणून रोधाच्या जागी प्रवाहाचा स्रोत आला, आधी पेंटोड व्हॉल्व्ह, मग ट्रान्झिस्टर. चिपवर तर गणितच उलटलं. तिथे मोठा रोध जागा खातो, शेजारी-शेजारी बसलेले ट्रान्झिस्टर मात्र स्वस्तात आणि जुळे मिळतात. १९६० च्या दशकात फेअरचाइल्डमध्ये बॉब विडलरने ऑप-अॅम्प आखले ते याच हिशेबाने. तेव्हापासून शेपटी म्हणजे ट्रान्झिस्टर, हे ठरूनच गेलं.

आपल्या मंडळात शेपटीला असा स्रोत लावू, ज्याचा आतला रोध १ मेगाओहम. एक व्होल्टला आता १ मायक्रोअँपिअर, प्रत्येकी अर्धा, कलेक्टरवर ५ मिलिव्होल्ट. भागाकार २०,०००, म्हणजे ८६ डेसिबल. पुरवठा तोच १५ व्होल्टचा.

कागदावरचे ८६ टेबलावर मिळतात का, ते पाहायची पद्धत सरळ आहे. आधी एका बेसला १० मिलिव्होल्ट द्या, दुसरा जमिनीला, आणि कलेक्टरवर १ व्होल्ट येतो का बघा. मग दोन्ही बेस एकत्र बांधून १ व्होल्ट, १ किलोहर्ट्झ द्या आणि तिथेच मोजा. मी एकदा असं मोजलं तेव्हा ५ च्या जागी अडीच मिलिव्होल्ट दिसले, म्हणजे ९२ डेसिबल. खूश झालो, वहीत लिहूनही टाकलं. मग सहज दुसऱ्या कलेक्टरवर प्रोब टेकवला तर तिथे साडेसात!

आधीच्या कुठल्याशा प्रयोगातला १० किलोओहमचा रोध पहिल्या बेसच्या वाटेत तसाच राहिला होता. ट्रान्झिस्टरची प्रवाहवाढ १०० धरली तर बेसचा १० किलोओहम एमिटरकडून १०० ओहमसारखा दिसतो. एका बाजूला ५० ओहम, दुसऱ्या बाजूला १५०. मग तो एक मायक्रोअँपिअर अर्धा-अर्धा वाटला जात नाही, एकाला पाव आणि दुसऱ्याला पाऊण मिळतो. अडीच आणि साडेसात तिथूनच आले. फरकाची वाढ मी त्या प्रयोगाच्याही आधी, रोध नसताना मोजली होती, म्हणून भागाकार फुगला. त्याच रोधासकट ती मोजली असती तर ५० पटच मिळाली असती, आणि उत्तर मुकाट्याने ८६ वर परतलं असतं. दोन्ही कलेक्टरवरचे आकडे सारखे नसतील तर वाटणीत कुठेतरी खोट आहे, एवढं त्या दिवसापासून लक्षात राहिलं.

वारंवारता वाढवली की आणखी एक गोष्ट दिसते. शेपटीच्या वरच्या टोकाला ५ पिकोफॅरड इतकी भटकी धारिता सहज असते. १ मेगाओहमशी तिची गाठ साधारण ३२ किलोहर्ट्झला पडते. त्यापुढे प्रवाह रोधातून न जाता धारितेतून निसटतो, आणि दर दहापट वारंवारतेला २० डेसिबल जातात. ३२० किलोहर्ट्झला आपल्या ८६ चे ६६ उरलेले असतात. तिथे स्रोत १० मेगाओहमचा आणून बसवला तरी काही फरक पडत नाही; धारिता कमी करावी लागते.