शुद्धीकरण यंत्राचे पाणीही बाळासाठी उकळायलाच हवे

पेण : हेटवणे धरण तालुक्यात असूनही पेणच्या खारेपाटातील गावांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागत आली आहे. पाणी मचूळ लागते म्हणून ऐपत असणाऱ्या घरांत 'आरओ' यंत्र येते. बाळाला वरचे दूध द्यायची वेळ आली, की याच यंत्राचे पाणी न उकळता पावडरीत मिसळले जाते. घोळ इथेच होतो.

'आरओ' यंत्र क्षार काढते; ते काम उकळण्याने होत नाही, उलट वाफ गेल्याने उरलेल्या पाण्यात क्षारांचे प्रमाण वाढते. म्हणून खाऱ्या पाण्याच्या गावात यंत्र हवेच. नुसते अतिनील किरणांचे यंत्र तिथे उपयोगाचे नाही, शिवाय गढूळ पाण्यातील जंतूंपर्यंत ते किरण नीट पोहोचत नाहीत. मात्र यंत्रातील कोळसा पाण्यातले क्लोरीन शोषून घेतो. त्यामुळे यंत्राच्या टाकीत साठलेल्या पाण्याला पुढे जंतूंपासून संरक्षण राहत नाही. टीडीएस मीटरचा आकडा कमी आला, तरी तो क्षारांविषयीच सांगतो, जंतूंविषयी नाही.

दुसरा धोका पाण्यात नसून डब्यात आहे. दुधाची पावडर निर्जंतुक नसते. तीत क्रोनोबॅक्टर हा जंतू असू शकतो. त्याची बाधा क्वचित होते, पण नवजात आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या जिवावर बेतू शकते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना व अन्न आणि कृषी संघटना यांनी २००७ मध्ये पावडर किमान ७० अंश सेल्सिअसच्या पाण्यात मिसळण्याची शिफारस केली. कोमट पाण्यात हा जंतू मरत नाही, वाढतो.

घरात थर्मामीटर नसेल तर एक लिटर पाणी घ्यावे. टँकरचे असल्यास आधी निवळू द्यावे, चौपदरी स्वच्छ कापडातून गाळावे आणि क्षार असल्यास यंत्रातून काढावे. मग खळखळून उकळी आल्यावर मिनिटभर उकळू द्यावे. झाकण ठेवून अर्ध्या तासाच्या आत वापरावे. कपभरच पाणी उकळले तर ते फार लवकर निवते, हे विसरू नये. उकळलेल्या बाटलीत आधी पाणी मोजून घालावे, मग डब्यावर सांगितलेले चमचे सपाट भरून टाकावेत. पावडर वाचवण्यासाठी दूध पातळ केले, तर बाळाचे पोषण तुटते. बाटली हलवून बुचाखालपर्यंत थंड पाण्याच्या धारेत धरावी आणि मनगटावर थेंब टाकून पाहावा. दूध दोन तासांत संपवावे. बाळाने उष्टे ठेवलेले लगेच ओतून द्यावे.

उरलेले उकळलेले पाणी त्याच भांड्यात झाकून ठेवावे आणि चोवीस तासांत संपवावे. माठात ओतून त्यात पेला बुडवला, की उकळण्याचे श्रम वाया गेलेच. पुढच्या दुधासाठी मात्र ताजेच पाणी उकळावे. बाटलीबंद पाणीही निर्जंतुक नसते, त्यालाही हाच नियम.

केवळ आईच्या दुधावर असलेल्या बाळाला सहा महिन्यांपर्यंत, अगदी उन्हाळ्यातही, वेगळे पाणी पाजण्याची गरज नसते.